ट्रामाडॉलवरून मॉर्फिनवर: घरी असलेल्या कॅन्सर रुग्णाचं दुखणं पायरी-पायरीने आटोक्यात कसं आणायचं

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या घरांमध्ये कॅन्सरच्या दुखण्यावर औषध नसतं असं क्वचितच होतं. औषध असतं, पण ते चुकीच्या वेळी, चुकीच्या अंतराने आणि बहुतेक वेळा एक पायरी खालचं दिलं जातं. डॉक्टरांनी मॉर्फिन लिहून दिलं की घरातलं कोणीतरी म्हणतं, "ते शेवटचं असतं, आत्ता नको." गोळ्या कपाटात राहतात आणि रुग्ण रात्र बसून काढतो. खाली फक्त एकच टप्पा सविस्तर घेतला आहे: ट्रामाडॉलसारखं दुसऱ्या पायरीचं औषध पुरेनासं झाल्यावर तोंडाने किंवा नळीने मॉर्फिन सुरू करणं आणि पहिल्या दोन आठवड्यांत ते बसवणं.

सावध: इथले डोस डॉक्टरांनी आखलेलं वेळापत्रक समजावं आणि चूक ओळखता यावी यासाठी आहेत. मॉर्फिनची पहिली मात्रा, तिच्यातली वाढ आणि ते बंद करणं, हे तिन्ही डॉक्टरच ठरवतात.

१. आधी दुखणं नीट मोजा

"दुखतंय का?" असं विचारलं की वडीलधारी माणसं "चाललंय" म्हणतात. त्याऐवजी शून्य ते दहात किती, असं विचारा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे याहून जास्त सोसणं शक्य नाही. आकड्यांत सांगणं अवघड जाणाऱ्यांना जुना हिशेब विचारा: रुपयात किती आणे दुखतं? सोळा आण्यांपैकी बारा आणे म्हणाले तर ते दहापैकी साडेसात झालं. अहिराणी बोलणाऱ्या घरात "कितलं दुखस?" असं विचारलं तर उत्तर लवकर आणि खरं मिळतं.

आकड्याइतकंच दुखणं कसं आहे तेही लिहून ठेवा. ठणका, दाब, खोल दुखणं एका प्रकारचं असतं. आग होणं, करंट बसणं, मुंग्या येणं, नुसता कपडा लागला तरी कळ येणं हे दुसऱ्या प्रकारचं, म्हणजे नस दाबली गेल्याचं किंवा नसेला इजा झाल्याचं लक्षण असतं. हा फरक डॉक्टरांना सांगितला नाही तर मॉर्फिन वाढत जातं आणि आग तशीच राहते, कारण नसेच्या दुखण्यावर एकट्या मॉर्फिनचा जोर कमी पडतो.

साधी शंभर पानी वही घ्या. तारीख, वेळ, दुखण्याचा आकडा, दिलेलं औषध, जादा डोस, शौचाला झाली की नाही, असे सहा रकाने आखा. पुढचा सगळा हिशेब या वहीवर चालतो.

तपासा: पाठीत नवं, जोरदार दुखणं सुरू झालं असेल आणि सोबत पायातली ताकद कमी होत असेल किंवा लघवी अडकत असेल, तर हे वेळापत्रक बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा. मणक्यातली मज्जारज्जू दाबली जात असण्याची ती खूण आहे. तिथे उशीर झाला तर पाय परत येत नाहीत.

२. शिडी कुठून चढायची

जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेल्या शिडीला तीन पायऱ्या आहेत. पहिलीवर पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारखी सूज उतरवणारी औषधं. दुसरीवर ट्रामाडॉल किंवा कोडीन. तिसरीवर मॉर्फिन. नसेच्या दुखण्याची औषधं कुठल्याही पायरीवर जोडता येतात.

इथे दोन चुका होतात. पहिली म्हणजे प्रत्येक पायरीवर महिनाभर थांबलंच पाहिजे असं मानणं. दुखणं पहिल्याच दिवशी आठ-नऊ असेल तर थेट तिसरीवरून सुरुवात करता येते. त्याच संघटनेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही दुखण्याच्या तीव्रतेप्रमाणे औषध निवडा असंच सांगतात. दुसरी चूक जास्त दिसते, ती म्हणजे दुसऱ्या पायरीवर अडकून बसणं. ट्रामाडॉलला कमाल मर्यादा आहे, दिवसाला ४०० मिलीग्रॅम. त्यापुढे वेदना फारशी कमी होत नाही, उलट्या, घाम आणि गोंधळ मात्र वाढतो, फिट येण्याचा धोकाही असतो. मर्यादेपर्यंत जाऊनही आकडा पाचच्या वर असेल तर आणखी आठवडाभर वाट पाहून हाती काही लागत नाही. त्याच पायरीवरचं वेगळ्या नावाचं दुसरं औषध आणूनही फरक पडत नाही, कारण ते आडवं सरकणं झालं. इथे वर चढायचं असतं.

वर चढताना पहिल्या पायरीचं पॅरासिटामॉल सहसा चालूच ठेवतात आणि दुसऱ्या पायरीचं ट्रामाडॉल थांबवतात. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पॅरासिटामॉल "साधी तापाची गोळी" म्हणून सुटतं आणि ट्रामाडॉल मॉर्फिनसोबत चालू राहतं.

३. औषध आणायला निघण्यापूर्वी

गावातल्या किंवा तालुक्याच्या मेडिकलवर तोंडाने घ्यायचं मॉर्फिन बहुधा मिळत नाही. म्हणून ते बंदच आहे असा समज पसरतो. ते बंद नाही. अंमली पदार्थ कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती होऊन मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' गटात आली, आणि त्यानंतरच्या नियमांनुसार मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था ते ठेवून रुग्णाला देऊ शकतात. त्यामुळे बस पकडण्याआधी फोन करून दोन प्रश्न सरळ विचारा: "तुमच्याकडे मॉर्फिनची मान्यता आहे का?" आणि "आज १० मिलीग्रॅमच्या गोळ्या शिल्लक आहेत का?" नुसतं "कॅन्सरचा विभाग आहे का?" असं विचारून गेलेले लोक रिकाम्या हाताने परततात. जिल्हा रुग्णालय आणि वैद्यकीय महाविद्यालयात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या विभागाबद्दल विचारा. मुंबईला टाटा मेमोरियलमध्ये उपचार चालू असतील तर तिथल्या पॅलिएटिव्ह मेडिसिन विभागाकडून जवळच्या केंद्रासाठी चिठ्ठी मागून घ्या. दर पंधरा दिवसांनी खान्देशातून मुंबई गाठणं रुग्णाला झेपत नाही आणि त्याची गरजही नसते.

बरोबर काय न्यायचं? बायोप्सीचा रिपोर्ट, चालू औषधांची पाकिटं, रुग्णाचं आणि औषध आणणाऱ्याचं ओळखपत्र, वही आणि हल्लीचा किडनीचा रिपोर्ट, म्हणजे सीरम क्रिएटिनिन. हा शेवटचा कागद सगळ्यात जास्त वेळा घरी राहतो, आणि नेमका त्यावरच डोस ठरतो. मॉर्फिन शरीरात मोडल्यावर जे घटक तयार होतात ते लघवीवाटे जातात. किडनी मंदावली की ते साठतात आणि नेहमीचाच डोस जास्त होऊन बसतो.

पोलिसांची भीती अनेकांना असते. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर स्वतःच्या रुग्णासाठी नेलेलं औषध हा गुन्हा नाही. चिठ्ठी आणि गोळ्यांची मूळ पाकिटं प्रवासात एकत्र ठेवली म्हणजे झालं. अफूची शेती सातपुड्यापलीकडे मंदसौर-नीमच पट्ट्यात सरकारी परवान्याने होते आणि नीमचलाच सरकारी कारखान्यात त्या अफूवर प्रक्रिया होते. इतक्या जवळ पिकणारी गोष्ट आपल्या घरातल्या रुग्णापर्यंत पोचताना अडते ती बहुतेक वेळा भीतीमुळे.

४. सुरुवात: एका रुग्णाचा हिशेब

एक नमुना घेऊ. यावल तालुक्यातले ५८ वर्षांचे गृहस्थ, वजन ४५ किलो. सोयीसाठी त्यांना आबा म्हणू. गालफडाचा कॅन्सर, तोंड दोन बोटंही उघडत नाही, नाकातून नळी. पॅरासिटामॉल ६५० मिलीग्रॅम दिवसातून चार वेळा आणि ट्रामाडॉल १०० मिलीग्रॅम चार वेळा, म्हणजे मर्यादेइतकं. तरी आकडा आठ. क्रिएटिनिन ठीक.

४०० मिलीग्रॅम ट्रामाडॉल म्हणजे ढोबळमानाने तोंडाने घेतलेलं ४० मिलीग्रॅम मॉर्फिन. औषध बदलताना आणि रुग्ण बारीक असताना थोडं खालून सुरू करतात. म्हणून डॉक्टरांनी दर चार तासांनी ५ मिलीग्रॅम लिहिलं, म्हणजे १० मिलीग्रॅमची अर्धी गोळी. साध्या मॉर्फिनचा परिणाम अर्ध्या तासात जाणवू लागतो आणि सुमारे चार तास टिकतो, म्हणून अंतर चार तासांचं. रात्री दोन वाजता उठवावं लागू नये म्हणून रात्रीचा डोस दुप्पट करतात. आबांचं वेळापत्रक असं झालं:

सकाळी ६ वाजता: अर्धी गोळी
सकाळी १० वाजता: अर्धी
दुपारी २ वाजता: अर्धी
संध्याकाळी ६ वाजता: अर्धी
रात्री १० वाजता: एक पूर्ण

दिवसाचे ३० मिलीग्रॅम. याशिवाय मधेच कळ उठली तर द्यायचा जादा डोस, दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग, म्हणजे ५ मिलीग्रॅम. जादा डोस दिल्यावर एक तास थांबून आकडा विचारायचा. उतरला नसेल तर पुन्हा एक देता येतो. जादा डोस दिला म्हणून पुढचा ठरलेला डोस पुढे ढकलायचा नाही. तीन वाजता जादा दिला तरी सहाचा सहालाच.

सगळ्यात महागात पडणारी चूक इथेच होते. घरची माणसं मॉर्फिन "दुखलं तरच" देतात. दुखणं पूर्ण उसळल्यावर दिलेली गोळी आधी आग विझवण्यात खर्ची पडते, तोवर दुसरी उसळी येते, आणि चार दिवसांनी निष्कर्ष निघतो की मॉर्फिननेही काही होत नाही. दुखणं नसतानाही ठरलेल्या वेळी डोस द्यायचा, कारण दुखणं त्या गोळीमुळेच थांबलेलं असतं. मोबाइलवर पाच गजर लावा.

सावध: बारा तास चालणारी मॉर्फिनची गोळी वेगळी असते. ती कुटायची नाही, तोडायची नाही, नळीतून तर अजिबात द्यायची नाही. कुटली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. हातात कुठली गोळी आहे हे केंद्रावरच विचारून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून घ्या.

५. नळीतून देताना

साधी गोळी दोन चमच्यांमध्ये दाबून अगदी बारीक पूड करा आणि १०-१५ मिली कोमट पाण्यात कालवा. आधी ३० मिली साधं पाणी नळीतून सोडा, मग औषध, मग पुन्हा ३० मिली पाणी. पॅरासिटामॉलची पूड त्याच पेल्यात मिसळू नका. शक्य असेल तर ते पातळ स्वरूपात घ्या. दोन-तीन गोळ्या एकत्र घट्ट कालवल्या की नळी तुंबते, आणि नवी नळी टाकेपर्यंतचे तास रुग्ण औषधाविना काढतो.

तपासा: पेल्याच्या तळाशी पूड चिकटून राहिली का? थोडं पाणी घालून तीही द्या. अर्ध्या गोळीतली पाव गोळी पेल्यातच राहणं हे "औषध लागू पडत नाही" या तक्रारीमागचं वारंवार आढळणारं कारण आहे.

६. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून

मळमळ आणि झोप चार-सहा दिवसांत शरीर पचवून घेतं. शौचाला घट्ट होणं मात्र मॉर्फिन चालू असेपर्यंत जात नाही, कारण आतड्याची हालचालच मंदावलेली असते. म्हणून रेचक औषध मॉर्फिनच्या पहिल्या डोससोबतच सुरू करायचं आणि मॉर्फिन वाढलं की तेही वाढवायचं. चार दिवस वाट पाहिली तर मग एनिमाशिवाय सुटत नाही.

तोंडाने गिळता येत असेल तर रात्री बिसाकोडिल ५ मिलीग्रॅमच्या एक-दोन गोळ्या, किंवा सोनामुखीचं औषध. आबांसारखी नळी असेल तर बिसाकोडिलची गोळी कुटून चालत नाही, तिचं आवरण आतड्यात सुटण्यासाठीच दिलेलं असतं. नळीतून लॅक्ट्युलोज १५ ते २० मिली दिवसातून दोन वेळा, आणि जोडीला आतडं हलवणारं सोडियम पिकोसल्फेटचं पातळ औषध डॉक्टर देतात.

इसबगोल देऊ नका. ते पाणी शोषून फुगतं आणि मंद आतड्यात, कमी पाणी पिणाऱ्या माणसात, तसंच अडकून बसतं. केळीही या कामाची नाहीत. रावेर-यावलकडे केळीला नाही म्हणणं जड जातं, पण मॉर्फिनने थांबलेलं आतडं घड खाल्ल्यानेही हलत नाही.

मळमळीसाठी पहिले काही दिवस मेटोक्लोप्रामाइड १० मिलीग्रॅम दिवसातून तीन वेळा दिलं जातं. सुरुवातीलाच उलटी झाली की घरचे मॉर्फिनच थांबवतात. हे औषध आधीपासून हाताशी असेल तर ती वेळ येत नाही.

तपासा: तीन दिवस शौचाला झाली नाही तर केंद्राला फोन. थोडी थोडी पातळ होत असेल तर जुलाब समजून औषध थांबवू नका. घट्ट गोळ्याच्या बाजूने पाणी झिरपत असतं.

७. दुसऱ्या दिवसापासून मात्रा बसवणं

आता वही काढा. पहिल्या दिवशी आबांना ठरलेल्या ३० मिलीग्रॅमशिवाय चार जादा डोस लागले, म्हणजे आणखी २०. एकूण ५०, आणि आकडा तरीही पाच. डॉक्टरांनी फोनवर हिशेब ऐकून ठरलेला डोस दर चार तासांनी १० मिलीग्रॅम केला, रात्री २०. दिवसाचे ६० झाले. बाहेरून बघणाऱ्याला हे दुप्पट वाटतं, प्रत्यक्षात आदल्या दिवशी खरोखर लागलेल्या मात्रेपेक्षा पाचवा भागच जास्त आहे. जादा डोसही त्या प्रमाणात वाढून १० झाला. सहावा भाग हा नियम तोच.

तिसऱ्या दिवशी एकच जादा डोस लागला, तोही जखमेची पट्टी बदलताना. आकडा दोन-तीन. रात्री सलग झोप. इथे मात्रा वाढवणं थांबवायचं. पट्टीचं दुखणं दिवसभराची मात्रा वाढवून सोडवायचं नसतं. पट्टीच्या अर्धा-पाऊण तास आधी जादा डोस द्या.

आठवड्याने आबांनी कानामागे करंट बसल्यासारखी कळ सांगितली. मॉर्फिनची मात्रा तशीच ठेवून डॉक्टरांनी रात्री अमिट्रिप्टिलिन १० मिलीग्रॅम जोडलं. त्याचा परिणाम दिसायला आठवडाभर लागतो, दोन दिवसांत सोडून देऊ नये. तोंड कोरडं पडतं आणि शौचाला आणखी घट्ट होते, म्हणून रेचकाकडे पुन्हा बघा.

गोळ्यांचा हिशेबही याच वेळी करा. दिवसाला ६० मिलीग्रॅम म्हणजे १० च्या सहा गोळ्या, दोन जादा धरून आठ. चौदा दिवसांना ११२. चार दिवसांचा साठा उरला की पुढची फेरी आखायची. दिवाळी, पोळा, अक्षय्यतृतीया यांच्या सुट्ट्या आधीच बघून ठेवा.

सावध: मॉर्फिन चालू असताना गावात कोणी "दुखण्याचं इंजेक्शन" देऊ केलं तर नाव विचारा. पेंटाझोसिन असेल तर नको म्हणा. ते मॉर्फिनच्या जागा अडवून त्यालाच हटवतं, आणि दुखणं एकदम उसळून घाम, थरथर सुरू होते.

८. घरात उठणाऱ्या शंका

"सवय लागेल." सवय आणि व्यसन या दोन गोष्टी एकाच शब्दात गुंडाळल्या जातात. काही आठवडे मॉर्फिन घेतल्यावर शरीराला त्याची सवय होते, हे खरं. ते अचानक बंद केलं तर जांभया, नाक वाहणं, पोटात मुरडा, जुलाब, अस्वस्थता असं होतं. म्हणून रेडिएशनने दुखणं कमी झालं आणि मॉर्फिन नको झालं तर डॉक्टर ते टप्प्याटप्प्याने उतरवतात. स्टेरॉइडच्या गोळ्याही अशाच उतरवतात, त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. व्यसन म्हणजे नुकसान दिसत असूनही हाव न सुटणं, दुखणं नसतानाही नशेसाठी घेणं. कॅन्सरच्या दुखण्यावर मोजून मॉर्फिन घेणाऱ्यात ते क्वचित होतं. रुग्ण घड्याळाकडे बघत गोळी मागतो तेव्हा घरचे म्हणतात, "बघा, लागली सवय." बहुतेक वेळा त्याचा अर्थ डोस कमी पडतोय किंवा दोन डोसमधलं अंतर जास्त झालंय एवढाच असतो. डोस बरोबर बसला की हे मागणं आपोआप थांबतं. रुग्णाला आधी दारूचं व्यसन असेल तर मॉर्फिन नाकारायचं नाही, पण ते डॉक्टरांना सांगायचं. मग गोळ्या थोड्या दिवसांच्याच मिळतात आणि एकाच माणसाच्या ताब्यात राहतात.

"श्वास थांबेल." हा धोका खरा आहे, पण तो एकाएकी येत नाही. आधी माणूस जास्त पेंगतो, मग हाक मारल्यावर अर्धवट डोळे उघडतो, आणि त्यानंतर श्वास मंदावतो. लहान डोसपासून पायरीने चढल्यावर शरीर जुळवून घेतं आणि हा क्रम सुरूच होत नाही. पहिले दोन दिवस रुग्ण खूप झोपला तर घाबरायचं नाही. कित्येक रात्रींची राहिलेली झोप असते ती. हाक मारल्यावर नीट जागा होऊन बोलतो का, एवढं बघा. धोका वाढतो तो कुणी स्वतःच्या मनाने डोस दुप्पट केला, झोपेची गोळी किंवा दारू जोडली, किंवा किडनी मंदावली तर.

"आत्ताच दिलं तर पुढे काय उरेल?" ट्रामाडॉलसारखी कमाल मर्यादा मॉर्फिनला नाही. दुखणं वाढलं तर डोस वाढवायला जागा असते. कित्येक रुग्ण एकाच डोसवर महिनोन् महिने राहतात, आणि वाढवावा लागतो तेव्हा सहसा आजार पुढे सरकलेला असतो. मॉर्फिन राखून ठेवण्यात रुग्णाला मिळतात ते फक्त दुखण्याचे जादा दिवस.

"हे दिलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले." मॉर्फिन दुखण्याच्या आकड्यावर दिलं जातं, आजाराच्या टप्प्यावर नाही. केमो आणि रेडिएशन चालू असतानाही ते देतात, आणि गरज संपली की काढतात. योग्य मात्रेतल्या मॉर्फिनने आयुष्य कमी होत नाही. हा समज टिकला कारण वर्षानुवर्षं ते शेवटच्या दोन दिवसांतच दिलं गेलं, आणि मृत्यूच्या आधी जी बाटली दिसली तिच्यावर दोष गेला.

९. एप्रिल-मेमधली वेगळी काळजी

भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ वर जातो तेव्हा जानेवारीत नीट बसलेला डोसही बिघडू शकतो. घाम जातो, पाणी कमी पडतं, लघवी कमी होते आणि मॉर्फिनचे घटक साठू लागतात. त्यात डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन चालू असेल तर किडनीवर दुहेरी ताण. अंगाला मधूनच झटके बसणं, भिंतीवर किडे-माणसं दिसणं, असंबद्ध बोलणं, नेहमीपेक्षा जास्त गुंगी ही त्याची चिन्हं. याला "लू लागली" म्हणून सोडू नका. दिवसभरात लघवी किती वेळा, किती गडद, हा रकाना उन्हाळ्यात वहीत वाढवा. लघवी अर्ध्यावर आली तर पुढच्या डोसआधी फोन करा. नळी असलेल्या रुग्णाला दर दोन तासांनी १०० मिली पाणी किंवा पातळ ताक ठरवून द्या, कारण तहान लागली हे तो सांगू शकत नाही.

मॉर्फिनच्याच जातीच्या फेंटॅनिल या औषधाच्या पट्ट्या वापरणाऱ्यांना उन्हाळा आणखी जपून काढावा लागतो. छातीवर किंवा दंडावर लावायची ही पट्टी तीन दिवस चालते. कातडी तापली की तिच्यातून औषध जास्त वेगाने आत जातं. पत्र्याच्या घरात, उन्हातल्या खाटेवर, अंगात ताप असताना किंवा गरम पाण्याच्या पिशवीखाली ती धोक्याची होते. तिचा पूर्ण परिणाम यायला बारा ते चोवीस तास लागतात, आणि ताशी २५ मायक्रोग्रॅमची पट्टीसुद्धा दिवसाच्या सुमारे ६० मिलीग्रॅम मॉर्फिनइतकी असते. म्हणून आधी मॉर्फिनची सवय नसलेल्याला, "गोळीपेक्षा सौम्य" समजून पट्टी लावणं ही मोठी चूक आहे.

तपासा: रुग्ण हलवूनही जागा होत नाही, पूर्ण मिनिट मोजल्यावर श्वास आठपेक्षा कमी, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. तिन्ही एकत्र दिसली तर पुढचा डोस थांबवा, पट्टी असेल तर काढा, कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करून "मॉर्फिन चालू आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. यावर उतारा आहे, नॅलोक्सोन.

१०. गोळ्या कुठे आणि कोणाकडे

कुलूप लागणारा डबा, किल्ली एकाकडे, आणि डोस देणारी दोन माणसं ठरलेली. तीन-चार जण आळीपाळीने देऊ लागले की एक डोस दोनदा पडतो किंवा एकही पडत नाही. दिल्याबरोबर वहीत खूण करायची, नंतर आठवून नाही. घरात लहान मूल असेल तर अर्धी तुटलेली गोळीही उघड्यावर राहू देऊ नका. मोठ्याचा नेहमीचा डोस लहान मुलाला जिवावर बेतू शकतो. शेजारच्या पाठदुखीवाल्यालाही एक गोळी देऊन बघायची नाही.

रुग्णाचं गिळणं बंद झालं किंवा नळी निघाली तर मॉर्फिन आपोआप थांबू देऊ नका, त्याच दिवशी केंद्राला विचारा. कातडीखाली छोट्या सुईने ते देता येतं. तेव्हा तोंडाचा डोस तसाच चालत नाही, तो साधारण अर्धा ते एक तृतीयांश करावा लागतो आणि हे गणित डॉक्टरच करतात. उरलेल्या गोळ्या आणि वापरलेल्या पट्ट्या मोजून, मूळ पाकिटासह, जिथून आणल्या त्या केंद्रात परत द्या आणि त्यांच्या नोंदवहीत ती संख्या लिहून घ्या. वापरलेल्या पट्टीतही औषध उरलेलं असतं, म्हणून ती चिकट बाजू आत घेऊन दुमडूनच डब्यात टाका.